फोटोत टाय घालायचा तर आधी कॉलर बंद करावी लागते!

१० मार्च २०२४ ला ब्रिटनमध्ये मदर्स डे होता. त्या दिवशी केन्सिंग्टन पॅलेसने प्रिन्सेस केट आणि तिच्या तीन मुलांचा एक हसरा फोटो जाहीर केला. काही तासांतच असोसिएटेड प्रेस, रॉयटर्स, एएफपी, गेटी अशा मोठ्या वृत्तसंस्थांनी तो फोटो मागे घेतला आणि आपल्या ग्राहकांना ‘हा वापरू नका’ असं कळवलं. दुसऱ्या दिवशी केटने एक्सवर माफी मागितली. आपण हौशी फोटोग्राफरसारखे अधूनमधून एडिटिंग करून बघतो, अशी कबुली तिने दिली.

आता गंमत बघा. तो फोटो पकडला गेला तो चेहऱ्यावरून नाही. एपीने बोट ठेवलं ते राजकन्या शार्लटच्या डाव्या हाताजवळ, जिथे तिच्या कार्डिगनची बाही नीट जुळत नव्हती. म्हणजे सगळं जग चेहरे निरखत असताना चोरी सापडली कापडाच्या कडेवर.

हे आठवायचं कारण म्हणजे सध्या प्लेसमेंटचा सीझन आहे आणि ‘एका टॅपमध्ये सूट-टाय’ देणारी ॲप्स जोरात आहेत. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एखादा तरी असा फोटो येतो. मान एका दिशेला, टाय दुसऱ्या दिशेला आणि गाठीच्या वर गळ्याचा त्रिकोण उघडाच. सगळ्यांना तो खोटा वाटतो, पण नेमकं काय चुकलं हे सांगता येत नाही. या लेखात तेवढंच बघू. उघड्या कॉलरच्या शर्टवर टाय घातला तर तो खरा का वाटत नाही, आणि वाटायला हवा असेल तर काय करावं लागतं.

आधी एक केस

माझा मावसभाऊ हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला. एका हॉटेल ग्रुपच्या मुलाखतीसाठी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बायोडेटा आणि टाय घातलेला फोटो पाठवायचा होता. आणि नेमके त्याचे डोळे आलेले! लाल, सुजलेले, चिकटलेले. नवीन फोटो काढण्याचा प्रश्नच नव्हता. हातात होता तो पंधरा दिवसांपूर्वी मित्राने खिडकीजवळ काढलेला फोटो. चेहरा छान, उजेड छान, पांढरा शर्ट इस्त्रीचा, फक्त वरचं बटण उघडं आणि टाय नाही.

त्याने आधी एका फुकट ॲपमधून टाय चिकटवून फोटो पाठवला. तासाभरात कॉलेजच्या प्लेसमेंट मॅडमचा मेसेज आला, ‘हा काय प्रकार आहे? नीट फोटो पाठव.’ मग रात्री साडेनऊला मला फोन, ‘दादा, काहीतरी कर ना.’

मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्याला मॅडमना फोन करायला लावला. डोळे आलेत, जुन्या फोटोत फक्त टाय घालून पाठवला तर चालेल का, असं सरळ विचारायला सांगितलं. त्या म्हणाल्या, बायोडेटासाठी चालेल, चेहऱ्याला हात लावायचा नाही, आणि निवड झाली तर आयकार्डासाठी फ्रेश फोटो द्यायचा. हा फोन किती महत्त्वाचा होता त्यावर पुढे येतो.

ॲपचा टाय खोटा का दिसतो?

आरशासमोर उभे राहून शर्टचं वरचं बटण लावा, मग काढा, मग परत लावा. तीन गोष्टी बदलताना दिसतील.

पहिली, कॉलरची पानं. कॉलरचे दोन भाग असतात. गळ्याभोवती उभी राहणारी अरुंद पट्टी, आणि तिच्यावरून बाहेर दुमडून पडणारी दोन पानं. बटण उघडं असताना ही पानं खांद्यांकडे फाकतात. बटण लावलं की ती आत आणि वर सरकतात, आणि दोन्हींच्या पुढच्या कडा गळ्याशी एकत्र येऊन उलट्या ‘व्ही’सारख्या दिसतात.

दुसरी, गळ्याची रेषा. उघड्या कॉलरची वरची कड पुढे येताना खाली उतरते, म्हणून गळ्याखालची त्वचा दिसते. बंद कॉलर गळ्याभोवती जवळजवळ आडवी फिरते आणि कंठाच्या थोडं खाली थांबते. म्हणजे पुढच्या बाजूला कॉलर साधारण दोन सेंटिमीटर वर चढते.

तिसरी, सावली. हनुवटीची सावली आधी त्वचेवर पडत होती, आता ती कॉलरवर आणि गाठीवर पडते.

ॲप यातलं काहीच करत नाही. ते फाकलेल्या कॉलरवर टायचं चित्र स्टिकरसारखं ठेवतं. खरा टाय मात्र कॉलरच्या *वर* नसतोच. तो पानांच्या खालून मानेभोवती फिरून येतो, आणि गाठीचे वरचे दोन कोपरे पानांच्या कडांखाली दडलेले असतात. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मं काम कळलं. टाय शर्टच्या वर, आणि कॉलरची पानं टायच्या वर. थर तीन लागतात, ॲप दोनच लावतं.

टाय आणायचा कुठून?

इंटरनेटवरून टायचं कापलेलं चित्र घेऊ नका. ते स्टुडिओच्या लाइटमध्ये अगदी समोरून काढलेलं असतं आणि त्याला तुमच्या फोटोतला उजेड माहीत नसतो.

मावसभावाच्या फोटोत उजेड बघणाऱ्याच्या डावीकडून, थोडा वरून येत होता. मी बाबांचा गडद निळा टाय घेतला, स्वतः पांढरा शर्ट घातला, आणि ट्यूबलाइटच्या उजव्या बाजूला अशा बेताने उभा राहिलो की उजेड त्याच दिशेने यावा. बायकोला सांगितलं, मागचा कॅमेरा, छातीच्या उंचीवर, सहा फुटांवरून. सेल्फी नको, कारण बरेच फोन सेल्फी आरशासारखा उलटा सेव्ह करतात आणि जवळून घेतल्यामुळे आकारही बिघडतात. (पुरुषांच्या शर्टचा खिसा घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर असतो. फोटोत तो दुसरीकडे दिसला तर फोटो उलटा आहे, हे लगेच ओळखता येतं.)

गाठ कोणती मारायची? साधी फोर-इन-हँड. ती थोडी तिरकी बसते आणि म्हणूनच खरी वाटते. अगदी सममित त्रिकोणी गाठ फुल विंडसरची असते, पण तिला रुंद फाकलेली कॉलर लागते. आपल्याकडच्या साध्या ऑफिस शर्टच्या कॉलरमध्ये ती मावत नाही, पानं उचलली जातात. आणि शाळेचा इलॅस्टिकवाला तयार गाठीचा टाय तर अजिबात नको. त्याची गाठ एवढीशी असते की मोठ्या माणसाच्या गळ्यात तो गॅदरिंगचा वेश वाटतो.

गाठ आवळताना खालच्या कापडाच्या मधोमध बोटाने एक खळी पाडा. ही खळी फोटोत सावली धरते आणि टायला जाडी देते. ती नंतर ब्रशने रंगवायला गेलं तर जमत नाही, निदान मला तरी जमली नाही.

पट्टेरी टाय घेतलात तर एक खूण समजून घ्या. टायवरचे पट्टे खालच्या लांब भागावर एका दिशेने तिरके जातात, आणि गाठीवर उलट दिशेने. कारण गाठीवर दिसणारं कापड तेच असतं, पण आडवं गुंडाळल्यामुळे जवळजवळ काटकोनात फिरलेलं. खोट्या टायमध्ये अनेकदा गाठ आणि लांब भाग दोन्हींवर पट्टे एकाच दिशेने धावतात. पुढच्या वेळी कुणाचा ‘सूटवाला’ डीपी दिसला तर हे तपासून बघा.

माप: डोळ्यांची पट्टी

आता टाय किती मोठा ठेवायचा? बहुतेकजण अंदाजाने ताणतात आणि टाय एकतर बोटभर होतो किंवा लुंगीएवढा.

यासाठी फोटोतच एक पट्टी असते. मोठ्या माणसाच्या दोन बुबुळांच्या मधोमध मोजलेलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं. मावसभावाच्या फोटोत ते ३१५ पिक्सेल भरलं. ३१५ भागिले ६३ म्हणजे ५. थोडक्यात एक मिलिमीटरला ५ पिक्सेल, एक सेंटिमीटरला ५०. माणसागणिक हे अंतर थोडं कमी-जास्त असतं, पण टायच्या कामासाठी एवढं पुरतं.

मग मी शिवणाच्या टेपने खरी गाठ मोजली. वरच्या बाजूला रुंदी ३.८ सेंटिमीटर. म्हणजे त्याच्या फोटोत ती १९० पिक्सेल दिसली पाहिजे. माझ्या फोटोत ती २३० पिक्सेल होती, म्हणून टाय साधारण ८३ टक्क्यांवर आणला. चित्र लहान करणं नेहमी बरं, कारण मोठं केलं की धूसर होतं. म्हणून टायचा फोटो काढतानाच जरा जवळून काढावा.

खरी मेहनत: कॉलर

मी फोटोपिया वापरलं. ते फोनच्या ब्राउझरमध्येच चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही आणि त्यात लेयर, मास्क, वॉर्प सगळं आहे. बोटाने मात्र जीव जातो. ओटीजी केबल लावून साधा माऊस फोनला जोडला, की अँड्रॉइडवर बाण दिसायला लागतो आणि काम माणसात येतं.

सुरुवातीला दोन्ही कॉलर-पानं वेगवेगळी सिलेक्ट करून नव्या लेयरवर कॉपी केली. डावं पान कॉपी करून उलटं करायचं आणि उजवीकडे लावायचं, असा शॉर्टकट बरेच व्हिडिओ शिकवतात. तो करू नका. डाव्या पानावर उजेड पडलेला असतो, उजवं सावलीत असतं. उलटं केलं की फोटोत दोन खिडक्या तयार होतात.

मग एकेक पान `Edit > Puppet Warp` मध्ये घेतलं. यात चित्रावर टाचण्या टोचल्यासारखे बिंदू लावता येतात. पहिली टाचणी मानेच्या बाजूला, जिथून कॉलर मागे वळते. ती हलवायची नाही. दुसरी पानाच्या पुढच्या वरच्या कोपऱ्यावर, तिसरी खालच्या टोकावर. पुढचा कोपरा आत आणि वर ओढला, सुमारे १०० पिक्सेल, म्हणजे ते दोन सेंटिमीटर. टोक त्याच्या मागोमाग आत आलं. दुसऱ्या पानाचं तसंच.

इथे एक चाचणी फार उपयोगी पडली. कॉलरच्या पानात आत कडक अस्तर असतं, त्यामुळे ते वळतं पण ताणलं जात नाही. माझ्या मावसभावाच्या कॉलरची पुढची कड आधी ३६० पिक्सेल होती. पहिल्या प्रयत्नात वॉर्पनंतर ती ४३० झाली. डोळ्याला लगेच कळलं नव्हतं, फक्त ‘काहीतरी सत्तरच्या दशकातला हिरो वाटतोय’ असं वाटत होतं. आकडा बघितल्यावर चूक सापडली. टोकाची टाचणी कोपऱ्याबरोबर न सरकवता मी जागेवरच सोडली होती. पुन्हा करून ती ३७० वर आणली, तेव्हा कॉलर त्याच शर्टची वाटायला लागली. कडेला समांतर जाणारी शिलाई सरळ राहिली की नाही हेही बघा. ती लाटेसारखी झाली तर टाचण्या जास्त झाल्या.

पानं आत सरकल्यावर दोन भानगडी उरतात. खालच्या मूळ फोटोत जुनी फाकलेली पानं अजून दिसत असतात. ती झाकायला शेजारच्या छातीचं आणि खांद्याचं कापड क्लोन स्टॅम्पने वर आणावं लागतं. हे कंटाळवाणं आहे, पण पांढऱ्या शर्टवर सोपं जातं. चेक्सच्या शर्टवर रेषा जुळवताना रात्र संपेल, त्यामुळे तसा फोटो असेल तर नादच सोडा.

दुसरी भानगड उघड्या गळ्याचा त्रिकोण. लोक इथे घाबरतात, पण तो बहुतेक आपोआप झाकला जातो. मधला भाग गाठ आणि टाय झाकतात, बाजूचे भाग आत आलेली पानं. मला रंगवावी लागली ती फक्त गाठीच्या वर डोकावणारी कॉलरच्या पट्टीची बारीक रेघ आणि गाठीच्या खाली टायच्या दोन्ही बाजूंची थोडी बटणपट्टी. बटणपट्टीसाठी खालच्या बटणांमधला सरळ तुकडा कॉपी करून वर चढवला.

मग टायचा लेयर पानांच्या खाली ढकलला, गाठीचे कोपरे कडांखाली गेले, आणि अचानक तो टाय *घातलेला* दिसायला लागला. रात्रीचे साडेअकरा झाले होते.

सावली एका बाजूला जास्त असते

इथेच बहुतेकजण `Drop Shadow` दाबतात. तो सगळ्या आकाराला एकाच दिशेने, एकाच अंतरावर सारखी काळी झालर लावतो आणि सगळ्यावर पाणी पडतं.

उजेड डावीकडून येत असेल तर डावं पान गाठीवर सावली टाकेल. कॉलर टायपासून एक-दोन मिलिमीटरच वर असते, म्हणून ही सावली बारीक, साधारण ८ ते १० पिक्सेलची. उजवीकडे उलट. तिथे गाठ फुगीर असल्यामुळे गाठीचीच हलकी सावली उजव्या पानावर पडेल, आणि गाठीची उजवी बाजू स्वतः काळसर होईल. मी टायवर एक नवा लेयर क्लिप करून, `Multiply` मोडमध्ये, मऊ ब्रशने ही सावली लावली, ३० टक्क्यांच्या आसपास. रंग काळा नाही घेतला. पांढऱ्या शर्टवरच्या सावलीसाठी त्याच शर्टच्या घडीतला निळसर राखाडी रंग उचलला. शेवटी हनुवटीखालची रुंद, धूसर सावली कॉलर आणि गाठ दोन्हींवरून एकत्र ओढली. ती नसेल तर टाय अंधारात चमकणाऱ्या स्टिकरसारखा दिसतो.

एक बारीकशी गोष्ट उरली होती. माझ्या फोटोतला टाय त्याच्या शर्टपेक्षा जास्त कोरीव दिसत होता. फोटो १०० टक्के झूमवर ठेवून टायला अर्ध्या पिक्सेलचा `Gaussian Blur` दिला आणि किंचित `Add Noise`. पोर्ट्रेट मोडचा फोटो असेल तर खांद्यापाशी धूसरपणा कुठून सुरू होतो तेही बघावं लागतं.

हा फोटो कुठे चालेल, कुठे नाही

आता त्या फोनकडे येतो. बायोडेटा, लिंक्डइन, कॉलेजचं मासिक, इथे कपडे एडिट केले म्हणून कुणी दार बंद करत नाही. चेहरा तुमचाच असला म्हणजे झालं. सरकारी ओळखपत्रांची गोष्ट वेगळी. अमेरिकन व्हिसा आणि पासपोर्टच्या नियमांत फोटो सॉफ्टवेअर, फोन ॲप किंवा फिल्टरने बदलायचा नाही असं स्पष्ट म्हटलंय. भारताच्या परदेशातल्या दूतावासांनीही १ सप्टेंबर २०२५ पासून पासपोर्टसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या निकषांचाच फोटो मागायला सुरुवात केली आणि त्यातही सॉफ्टवेअरने बदल केलेला फोटो चालत नाही. स्टाफ सिलेक्शन कमिशनने तर २०२४ मध्ये वाद मुळापासूनच संपवला. फॉर्म भरताना जुना फोटो अपलोड करण्याऐवजी कॅमेऱ्यासमोर बसून लाइव्ह फोटो द्यायचा.

यात एक विसंगती आहे आणि ती मला खटकते. यातल्या कुठल्याच फोटोला टाय लागत नाही! साधा, रोजचा शर्ट चालतो. तरी आपल्याकडच्या कितीतरी स्टुडिओंत अजून पासपोर्ट साइज फोटो म्हटलं की कॉम्प्युटरवरचा तयार कोट-टाय चढवून देतात. गिऱ्हाईक खूश, स्टुडिओवाला खूश, आणि फॉर्म रिजेक्ट झाला तर फी गेली ती मुलाची. स्टुडिओत गेलात तर आधीच सांगा, ‘भाऊ, फोटोला काही करू नका, आहे तसाच द्या.’ बायोडेटासाठी टायवाला हवा असेल तर त्याची वेगळी फाइल ठेवा आणि नावातच तसं लिहा. मावसभावाच्या फाइलचं नाव मी `photo_tie_edited_biodata.jpg` असं ठेवलं, म्हणजे सहा महिन्यांनी घाईत तोच फोटो पासपोर्टला जायला नको.

आणखी एक सोपा सल्ला, खरं तर हा सगळ्यात आधी द्यायला हवा होता. तुमचे डोळे ठीक असतील आणि शेजाऱ्याकडे टाय असेल, तर वरचं बटण लावा आणि नवीन फोटो काढा. दहा मिनिटं लागतात. मला अडीच तास लागले.

सकाळी फोटो गेला, मॅडमचा फक्त ‘ओके’ आला. आठवड्याने डोळे बरे झाल्यावर मावसभावाने बाबांचाच टाय लावून त्याच खिडकीजवळ फोटो काढून पाठवला. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले. कॉलर माझ्या फोटोत अर्धा सेंटिमीटर खाली राहिली होती. आणि त्याची खरी गाठ माझ्यापेक्षा बरीच वाकडी होती.